निपाणीवाल्याचा आकडा

एप्रिल संपत आला की आमच्या धंद्यात माणसाला एक ते पाचमधला एक आकडा द्यावा लागतो. वर्षभर तो किती फिरला, किती माल विकला, कुठल्या बांधावर उन्हात उभा राहिला, हे सगळं त्या एका आकड्यात कोंबायचं. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे जवळजवळ दारच दाखवणं. हे दोन्ही क्वचित कुणाच्या वाट्याला येतात. खरी मारामारी असते ती दोन आणि तीनमध्ये. तीनला पगारवाढ आहे, वर्षाचा इन्सेंटिव्ह आहे. दोनला दोन्ही नाही. लागोपाठ दोन वर्षं दोन आला तर तीन महिन्यांची ‘सुधारणा योजना’ लागते, आणि तिच्यातून सुधारून बाहेर आलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आमची कंपनी शेतीला लागणारा माल विकते. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, उसाच्या फुटव्याची औषधं, थोडंफार फवारणीचं. मी बेळगावात बसतो आणि माझ्या हाताखाली जिल्ह्यातल्या सहा एरियांचे सहा जण आहेत. आम्ही त्यांना एरियाच्याच नावानं ओळखतो: गोकाकवाला, अथणीवाला, रायबागवाला. ही गोष्ट निपाणीवाल्याची, आणि 2023-24 सालची.

निपाणीवाला सगळ्यांना आवडतो. मलाही. फोन पहिल्या रिंगला उचलतो, मीटिंगला सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतो, गणपतीला घरी येतो तेव्हा आधी आईच्या पाया पडतो आणि मग माझ्याशी बोलतो. डीलर तर त्याला घरचाच पोरगा समजतात. त्या वर्षीचं त्याचं टार्गेट होतं दोन कोटी चाळीस लाख. झाले एक कोटी पंच्याहत्तर लाख. म्हणजे त्र्याहत्तर टक्के.

शीटचा नियम सरळ होता. ऐंशी टक्क्यांच्या खाली दोन, ऐंशी ते पंच्याण्णव तीन, त्याच्या वर चार. वसुली आणि फील्डचं काम बघून मॅनेजरला एक पायरी वर किंवा खाली करता येते, फक्त कारण लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी हुबळीला सगळ्या मॅनेजरांची बैठक होती. त्या बैठकीला आम्ही नॉर्मलायझेशन म्हणतो. सगळ्यांचे आकडे भिंतीवर लावतात आणि एचआरची मंडळी बघतात की कुणी उदार होऊन सगळ्यांना तीन-चार वाटलेत का. सहा जणांच्या टीममध्ये निदान एक तरी दोन दिसला पाहिजे, असं लेखी कुठेही नव्हतं, आणि ते सगळ्यांना पाठ होतं. निपाणीवाल्याला तीन दिला तर खाली ढकलायला पुढचा माणूस होता खानापूरवाला. एक्क्याऐंशी टक्के, वसुली चोख, आणि तोंडातून शब्द काढायला महाग. मीटिंगमध्ये तो कोपऱ्यात बसतो. त्याची बाजू मांडताना मला दोन वाक्यंसुद्धा सुचणार नाहीत हे मला आधीच माहीत होतं.

रात्री साडेबाराला लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. बाकीच्या पाच जणांचे आकडे भरून झाले होते. निपाणीचा रकाना रिकामा.

पहिलं कारण तयारच होतं: दुष्काळ. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारनं दुष्काळी तालुक्यांची यादी काढली, ती वाढत वाढत 236 पैकी 223 तालुक्यांपर्यंत गेली. विहिरीला पाणी नाही तर ठिबक कुठलं, आणि ठिबक नाही तर 19:19:19 ची पिशवी कोण घेणार? पण हा दुष्काळ काही एकट्या निपाणीवर पडला नव्हता. म्हणून शेजारच्यांचे आकडे समोर घेतले. अथणी एक्क्याण्णव, गोकाक अठ्ठ्याऐंशी, हुक्केरी चौऱ्याऐंशी, खानापूर एक्क्याऐंशी. राहिला रायबाग.

रायबागवाल्याचं आणि माझं फारसं जमत नाही. बोलणं तुसडं, रिपोर्ट उशिरा, आणि मीटिंगमध्ये मी बोलत असताना मोबाईलकडे बघत बसतो. त्याचे शहाण्णव टक्के दिसत होते, म्हणजे चार. पण मार्चचा आकडा बघितल्यावर मी थांबलो. दोन कोटी वीस लाखांच्या टार्गेटमधले अठ्ठावन्न लाख एकट्या मार्चमध्ये. आमच्या धंद्यात कंपनीनं डीलरच्या गोदामात टाकलेल्या मालाला प्लेसमेंट म्हणतात, आणि डीलरकडून शेतकऱ्याकडे गेलेल्या मालाला लिक्विडेशन. खरी विक्री दुसरी. पण बिल पहिल्याचं होतं, आणि टार्गेट बिलावर मोजतात. म्हणून मार्चअखेर डीलरच्या हातापाया पडून माल उतरवायचा, ‘एप्रिलात परत घेतो’ असा शब्द द्यायचा आणि आकडा पुरा करायचा, हा खेळ जुना आहे. तो ओळखायची खूणही सोपी आहे: एप्रिलची क्रेडिट नोट बघायची. रायबागमधून तोवर एकोणीस लाखांचा माल परत आला होता. तो वजा केला तर एक कोटी ब्याण्णव, म्हणजे सत्त्याऐंशी टक्के. चारचा तीन झाला.

इथं मला स्वतःबद्दल एक गोष्ट जाणवली, ती फार आवडली नाही. रायबागवाल्याच्या आकड्यात खोट शोधायला मला दहा मिनिटं लागली होती. निपाणीवाल्याच्या आकड्यात सबब शोधायला मी तासभर बसलो होतो. दोघांची कागदपत्रं त्याच एका लॅपटॉपवर होती. म्हणून ठरवलं, जी चाळण रायबागला लावली तीच निपाणीला लावायची, आणि जी सवलत निपाणीला द्यायची ती बाकीच्या पाचांना देता येते का हे बघायचं.

पाच शेजाऱ्यांची सरासरी निघाली शहाऐंशी. म्हणजे दुष्काळानं साधारण चौदा टक्के सगळ्यांचेच खाल्ले होते. निपाणीचे त्याच्याही पुढचे तेरा टक्के गेले होते. रुपयांत बत्तीस लाख. आता या बत्तीस लाखांचा शोध.

त्यातला एक तुकडा खरोखरच त्याचा दोष नव्हता. सीमाप्रश्नावर भाषणं खूप होतात, पण खताच्या बिलावर ही सीमा कशी चालते ते कुणी सांगत नाही. आम्हाला कर्नाटकातल्या परवानाधारक डीलरलाच बिल करता येतं; पलीकडचं बिल कोल्हापूरच्या डेपोतून होतं आणि ते कोल्हापूरच्या टीमच्या नावावर जातं. शेतकऱ्याला ही भानगड कशाला माहीत असायला हवी? सदलगा-बोरगावचा माणूस बाजाराला इचलकरंजीला जातो, निपाणीकडचा कोगनोळी नाका ओलांडून कागलला. पोरगी तिकडे दिलेली, दवाखाना तिकडे, सूत तिकडे, मग औषधाचा डबाही येताना तिकडूनच. निपाणीवाला बोरगावच्या रानात उसाचा डेमो लावतो, बाळभरणीला जाऊन फुटवे मोजतो, मोठ्या भरणीला परत जातो, आणि पटलेला शेतकरी माल घेतो इचलकरंजीत. श्रम इकडे, बिल तिकडे.

हे मी त्याच्या शब्दावर धरलेलं नव्हतं. त्याच्या डेमो रजिस्टरमध्ये शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर असतात. त्या आठवड्यात त्यातल्या बऱ्याच जणांना मी स्वतः फोन करून माल कुठून घेतला ते विचारलं होतं, आणि कोल्हापूरच्या माझ्या जोडीदाराकडून कागल आणि इचलकरंजीच्या दोन दुकानांची वाढीव विक्री मागवली होती. दोन्हींचा मेळ घालून बारा लाख निघत होते. बारा लाख त्याच्या खात्यात धरले तर एक कोटी सत्त्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर टक्के.

ऐंशीला पाच लाख कमी.

आता हात आपोआप ते पाच लाख शोधायला लागला. कोल्हापूरवाल्यानं जयसिंगपूरचं दुकान धरलं नव्हतं, ते धरावं का? फोन न लागलेले शेतकरी पण तिकडंच गेले असतील, असं मानावं का? बाराऐवजी सतरा लिहिले असते तर हुबळीत कुणी उठून तपासायला जाणार नव्हतं. एखाद्या आकड्याला अंदाज म्हणावं आणि तो आपल्याला हवा तिथेच येऊन थांबावा, यासारखी सोयीची गोष्ट नाही. मी सतरा टाइप करून बघितलेसुद्धा. टक्केवारीचा रकाना लालचा हिरवा झाला.

तेवढ्यात बायको पाणी प्यायला उठली. स्क्रीनकडे न बघताच तिनं ओळखलं.

“निपाणीचं का?”

“हं.”

“त्याच्या बायकोला सातवा महिना लागलाय म्हणत होता. पगार वाढला तर बरं होईल हो पोराचं.”

ती झोपायला गेली. मी सतरा खोडून परत बारा केले. तिचं म्हणणं मला पटलं नाही असं नव्हे. पण घरची गरज ही या आकड्यात मोजायची वस्तू नाही. तिच्यासाठी पगाराची उचल आहे, विम्याचा मॅटर्निटीचा भाग आहे, रजा आहे, आणि हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सही करून देऊ शकत होतो. गरजेवर आकडा द्यायचा म्हटलं तर खानापूरवाल्याच्या घरी काय चाललंय हे मला विचारावं लागलं असतं. ते मला माहीतच नव्हतं, कारण तो कधी सांगत नाही.

उरले वीस लाख. ते मी वसुलीच्या रिपोर्टमध्ये शोधायला गेलो, आणि खरं सांगायचं तर तिकडे जायचं मी मुद्दाम टाळत होतो.

आमच्याकडे डीलरला नव्वद दिवसांची उधारी असते. त्याच्या पुढे रक्कम थकली की सिस्टिम आपोआप त्या डीलरचं बिलिंग बंद करते. मॅनेजरनं हातापाया पडूनही ते उघडत नाही, पैसे आल्याशिवाय नाही. निपाणीवाल्याच्या तीन मोठ्या डीलरांचं बिलिंग ऑक्टोबरच्या मध्याला बंद पडलं आणि डिसेंबर उजाडल्यावर उघडलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पूर्वहंगामी उसाची लावण. ज्यांच्याकडे पाणी होतं ते लावत होते, आणि त्यांना बेणं लावल्या लावल्या लागणारा माल आमच्या तिन्ही दुकानांत नव्हता. आदल्या वर्षी त्याच दिवसांत या तिघांनी बावीस लाखांचा माल उचलला होता. दुष्काळाचे चौदा टक्के वजा करून यंदा एकोणीस तरी व्हायला हवे होते. झाले तीन. सोळा लाख तिथंच गेले होते. उरलेले चार लाख कुठे गेले ते मी शोधलं नाही. एवढ्या हिशेबात तेवढं इकडंतिकडं असतंच.

आता, डीलर ऑक्टोबरात थकतो याला कारण असतं. त्याचे पैसे शेतकऱ्याकडे अडकलेले, शेतकऱ्याचे उसात. ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. तो किती पाळला जातो ते आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि गाळप सुरू होतं तेच मुळी नोव्हेंबरच्या आसपास. त्यामुळे जूनमध्ये दिलेल्या मालाचे पैसे सप्टेंबरात मागणं म्हणजे रिकाम्या आडात पोहरा सोडणं. हे मान्य. पण हुक्केरी, गोकाक, अथणीचे डीलरही त्याच उसावर जगतात. तिथले आमचे लोक ऑगस्टपासूनच दुकानात जाऊन बसतात आणि थोडे थोडे काढतात. पन्नास हजार आज, तीस हजार पुढच्या बाजाराला. पूर्ण रक्कम कुणालाच मिळत नाही. नव्वद दिवसांच्या पुढची रक्कम लॉक पडण्याइतकी साठू द्यायची नाही, एवढंच बघायचं असतं.

निपाणीवाल्याचा व्हिजिट रिपोर्ट काढला. त्याच तीन दुकानांत तो ऑगस्ट ते ऑक्टोबर दर आठवड्याला गेला होता, कधी कधी आठवड्यातून दोनदा. ‘मार्केट चर्चा.’ ‘तक्रार निवारण.’ ‘डीलरच्या वडिलांना दवाखान्यात भेट.’ वसुलीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य. तो तिथं बसत होता, चहा घेत होता, दुकानदाराचं रडगाणं मनापासून ऐकत होता आणि उठून येत होता. ज्या स्वभावामुळे तो मला आवडतो, त्याच स्वभावानं त्याचे सोळा लाख घालवले होते. आळस असता, खोटे रिपोर्ट असते, तर आकडा लिहायला मला मिनिटभर लागला नसता.

त्याच्या बाजूनं जे लिहिण्यासारखं होतं ते मी वेगळं काढलं. माझ्या आईच्या पाया पडणं त्यात येत नाही, पहिल्या रिंगला फोन उचलणंही नाही. पण गोकाकला नवीन लागलेल्या पोराला त्यानं डेमो कसा लावायचा ते सलग फिरून शिकवलं होतं. बोरगावात एकानं औषधाचं प्रमाण चुकवून सोयाबीनची पानं करपवून घेतली, तेव्हा नुकसानभरपाईचा दावा यायच्या आत याने जाऊन मिटवलं होतं. ही कामं आहेत, शीटमध्ये त्यांना रकाना नाही एवढंच. आणि मार्चमध्ये त्यानं एकही पेटी कुणाच्या गोदामात कोंबली नव्हती. त्याचे त्र्याहत्तर टक्के खणखणीत होते. हे सगळं धरूनही एक पायरी वर जायचा माझा अधिकार मला वापरता येईना, कारण ती पायरी वसुली बघून द्यायची होती.

दोन लिहिला. खाली कारणाच्या जागी ‘मेहनती आणि मनमिळाऊ, पण टार्गेट चुकले’ असलं काही लिहायचं नाही हे ठरवलं होतं. त्या ओळीवरून तो पुढच्या वर्षी काय वेगळं करणार? मी लिहिलं की सीमेपलीकडे झालेली अंदाजे बारा लाखांची विक्री त्याच्या डेमोमुळे आहे आणि पुढच्या वर्षीपासून निपाणी-इचलकरंजी पट्ट्यातली विक्री कोल्हापूरबरोबर वाटून मोजावी. मार्चमधली विक्री स्वच्छ आहे. तीन डीलरांचं बिलिंग लावणीच्या हंगामात बंद राहिलं, त्याचा परिणाम सोळा लाख. पुढच्या वर्षी नव्वद दिवसांवरची थकबाकी ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पाच लाखांच्या आत असावी.

हुबळीला खानापूरवाल्याचा तीन टिकला. त्याच्यासाठी मला दोन वाक्यं सुचली, दोन्ही आकड्यांची होती, पुरली. सीमेच्या वाटणीवर ‘बघू’ म्हणाले. रायबागचा चार कापल्याबद्दल मात्र माझ्या वरच्या साहेबांनी भुवया उंचावल्या. त्यांचं स्वतःचं टार्गेटही त्याच बिलांवर उभं असतं, हे इथं सांगून टाकतो.

पत्र मेलवर जायच्या आधी मी निपाणीला गेलो. आकडा फोनवर सांगायचा नसतो, आणि खुशालीच्या गप्पा मारत मारत तर मुळीच नाही. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात बसल्यावर पहिल्याच वाक्यात सांगितलं.

तो थोडा वेळ बशीतला चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, “सर, बोरगावचं धरलासा का?”

“धरलं. बारा लाख. हे बघ.”

त्यानं कागद वाचला. “मग तरी दोनच?”

मी तिन्ही दुकानांच्या तारखा दाखवल्या. बिलिंग बंद कधी, उघडलं कधी, मध्ये काय गेलं.

“दुष्काळात मागायचं कसं वो सर? त्यांच्याकडंच नव्हते.”

“मधल्या दुकानदारानं दसऱ्याच्या आधी दुसऱ्या एका कंपनीला रोख भरून स्कीम घेतली होती. चार लाखांची.”

“ते मला माहीत हुतं.”

मी त्याच्याकडं बघत राहिलो.

“माहीत हुतं की वो. त्यांचा माणूस पैसे घेताना मी तिथंच बसलेलो. खरं माणूस चांगला आहे सर. बोलायला जीभच रेटत नाही.”

यावर मला लगेच काही बोलता येईना. सतरा टाइप करून खोडले होते, ते काही मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, चहा संपव, त्याच्याकडंच जाऊ. मी शेजारी बसतो, मागायचं तू.

दुकानदारानं आम्हाला बघून पोराला पुन्हा चहाला पिटाळलं. उसाचं बिल अजून आलं नाही, व्याज चढतंय, यंदा मृग तरी धड पडतोय का बघा, असं सगळं झालं. निपाणीवाला मान डोलावत होता. एरवी तो इथंच उठला असता. त्या दिवशी त्यानं खिशातून कागद काढला आणि विचारलं, “काका, कारखान्याचं पेमेंट कुठल्या तारखेला म्हटलेत?” तारीख निघाली. मग त्या तारखेचा एक चेक आणि पंधरा दिवसांनंतरचा एक, प्रत्येकी दीड लाखाचा. काका जरा कुरकुरले, पण नाराज झाले नाहीत; उलट उठताना त्याला म्हणाले, “अरे, आधी मागितलं असतंस तर दिलं असतं की.” ते कितपत खरं ते काकांनाच ठाऊक.

गाडीशी आल्यावर तो माझ्याशी जरा फटकूनच बोलत होता. ते साहजिक होतं, आणि पुढं काही महिने तसंच राहिलं. पगारवाढ बुडवणाऱ्याशी कुणी पूर्वीसारखं कशाला बोलेल? चेकचा फोटो मात्र त्यानं तिथंच उभ्या उभ्या मला पाठवला.

“हे अकाउंट्सला टाका आणि बिलिंग चालू राहील एवढं बघा सर,” तो म्हणाला. “जुलैत आडसालीच्या लावणी हाईत. तेव्हा परत बंद पडलं तर सगळा माल इचलकरंजीसनं येणार, आणि मग पुढच्या एप्रिलला तुम्ही मला परत बारा लाखांचा कागद दाखवणार.”